पार्श्वभूमी : जंताची गोळी उपाशीपोटी की जेवणानंतर?

फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या १० तारखेला शाळेत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी मिळते, हे बहुतेक पालकांना ठाऊक आहे. तरी दर खेपेला एक प्रश्न हमखास येतो : "आज मुलाला न्याहारी द्यायची की नाही?" अनेक घरांतून मूल त्या दिवशी मुद्दाम उपाशी पाठवलं जातं. हा समज चुकीचा असला तरी अडाणीपणातून आलेला नाही. एकेकाळी तो डॉक्टरांचाच सल्ला होता.

जंताच्या जुन्या औषधांचा स्वभाव वेगळा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंकुशकृमीसाठी थायमॉल देत, म्हणजे ओव्याच्या तेलातून निघणारा पदार्थ. आदल्या संध्याकाळी हलकं जेवण आणि रेचक, सकाळी रिकाम्या पोटी औषध, काही तासांनी पुन्हा रेचक, असा तो क्रम असे. मधल्या वेळात तेल-तूप आणि मद्य सक्त मना होतं. थायमॉल स्निग्ध पदार्थात विरघळून रक्तात उतरलं तर रुग्णालाच विषबाधा होत असे, म्हणून ही बंदी. गोल जंतांवरचं सँटोनिन किरमाणी ओव्यातून काढत. त्याने काही काळ सगळं पिवळं दिसू लागे. जंत सैल पडले की त्यांना बाहेर ढकलायला मागून जुलाब द्यावा लागे. आपल्याकडे घरोघरी एरंडेल चालायचं. जुन्या वैद्यकात तर औषधाच्या आदल्या दिवशी गूळ-दूध देऊन जंतांना 'जागं' करण्याची रीतही होती. उपास, औषध आणि जुलाब ही तिन्ही अशी एकत्र मनात बसली. औषध बदललं, उपास मात्र राहिला.

अल्बेंडाझोल १९७०च्या दशकात आधी मेंढ्या-गुरांसाठी आलं आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला माणसांसाठी वापरात आलं. ते जंताला गुंगवून सोडत नाही. जंताच्या पेशींमधली सूक्ष्म नलिकांची रचना ते मोडतं, त्यामुळे जंताला साखर शोषता येत नाही आणि तो काही दिवसांत मरतो. म्हणून जुलाबाची गरज उरली नाही. गोळी घेतल्यानंतर शौचात जंत दिसला नाही म्हणून "गोळी लागू पडली नाही" असं समजायचंही कारण नाही.

आता अन्नाचा मुद्दा. इथे जाणकारांमध्येही दोन सूर ऐकू येतात, आणि दोन्ही बरोबर आहेत, कारण ते दोन वेगवेगळ्या आजारांबद्दल बोलत असतात. अल्बेंडाझोल रक्तात फार कमी शोषलं जातं. स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तर शोषण सुमारे पाचपटींपर्यंत वाढतं. मेंदूत फीतकृमीच्या गाठी झालेल्या रुग्णाला औषध रक्तातून मेंदूपर्यंत पोचायला हवं असतं, म्हणून त्याला ते मुद्दाम तेल-तुपाच्या जेवणासोबत देतात. शाळेतल्या मुलाचे जंत आतड्यात असतात. तिथे औषध आतड्यातच राहिलं तरी काम होतं, त्यामुळे अन्नाची अट नाही. यावरून काहींनी तर्क केला की मग रिकामं पोटच बरं, औषध कमी शोषलं जाईल. कागदावर हे ठीक वाटतं. पण ४०० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेत साध्या जेवणाने होणारं शोषण मुलाला बाधत नाही, आणि आतड्यात औषध उरायचं तेवढं उरतंच.

शाळेच्या अंगणात चित्र वेगळं दिसतं. सकाळपासून उपाशी असलेलं मूल उन्हात रांगेत उभं राहिलं की त्याला तसंही गरगरतं. पोटात जंत जास्त असतील तर ते मरताना थोडी मळमळ, पोटदुखी किंवा एखादी उलटी होऊ शकते. दोन्ही एकत्र आलं, एका मुलाला उलटी झाली, की शेजारची दहा मुलं घाबरून पोट धरतात आणि संध्याकाळपर्यंत 'गोळीतून विषबाधा' अशी बातमी गावभर होते. न्यायालयीन आदेशानंतर २००१पासून शाळांतून शिजवलेलं दुपारचं जेवण टप्प्याटप्प्याने सुरू झालं. २०१५मध्ये देशव्यापी जंतनाशक दिनाची सुरुवात झाली तेव्हा खिचडीनंतरची ती वेळ आयतीच हाताशी होती. माझ्या मते या मोहिमेतला हा सर्वात शहाणपणाचा भाग आहे : मुलांनी जेवावं, थोडं बसावं आणि मग शिक्षकांच्या समोर गोळी खावी.

नावाचाही एक घोळ आहे. फळ्यावर कुणीतरी 'जंतुनाशक गोळी' लिहितं. जंतुनाशक म्हणजे फरशी पुसायचं फिनेल, ही गोळी 'जंतनाशक'. एका उकारामुळे पालक बिथरलेले मी पाहिले आहेत.

चावण्याचा आग्रह मात्र बारीकसारीक नाही. गोळी मोठी असते. पाण्याबरोबर अख्खी गिळायला गेलं तर लहान मुलाच्या घशात अडकू शकते. म्हणून दाढेखाली बारीक चावून खायची आणि वर पाणी प्यायचं. पहिलीतल्या ज्या मुलाला नीट चावता येत नाही, त्याच्यासाठी दोन चमच्यांमध्ये गोळी चुरून पाण्यात कालवावी. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून ती तोंडात कधीच कोंबू नये, ठसका लागण्याचा खरा धोका तिथेच असतो. गोळी घरीही पाठवत नाहीत, कारण दप्तरातली गोळी कोणी, कशी आणि किती खाल्ली हे कळायला मार्ग राहत नाही.

दर सहा महिन्यांचा हिशेब कुठून आला? निम्म्याहून अधिक मुलांत जंत असतील तर वर्षातून दोनदा, वीस टक्क्यांच्या वर असतील तर एकदा, असा जागतिक दंडक आहे. शौचतपासणी न करता सगळ्यांनाच गोळी द्यावी का, याबद्दल बरीच वर्षं वाद झाला. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांवर केलेल्या आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहामाही गोळ्यांनी वजनात किंवा मृत्युदरात फारसा फरक दिसला नव्हता. पण एका गोळीपेक्षा एका तपासणीचा खर्च जास्त, म्हणून सरसकट गोळीच टिकली.

एका मात्रेच्या मर्यादाही आहेत. गोल जंत तिने बहुतेक जातात, अंकुशकृमी बऱ्याच अंशी जातात, चाबूककृमी मात्र अनेकदा टिकून राहतात. अंड्यातून बाहेर पडून फुफ्फुसांच्या वाटेने फिरणाऱ्या गोल जंतांच्या अळ्याही त्या दिवशी आतड्यात नसतात, त्या निसटतात. अंडं पोटात गेल्यापासून दोन-तीन महिन्यांत नवा जंत अंडी घालू लागतो. उघड्यावर शौचाला बसणाऱ्या वस्तीत वर्षभरात गोल जंतांचं प्रमाण पुन्हा जवळपास पूर्वीच्या पातळीला जातं.

तिसरीतल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. ऑगस्टमध्ये तिने गोळी खाल्ली. १० फेब्रुवारीला अंगात ताप होता, म्हणून बाईंनी तिला वगळलं आणि वहीत नोंद केली. ते बरोबर, कारण आजारी मुलाला त्या दिवशी गोळी देत नाहीत. आठवड्याभरात सुटलेल्या मुलांसाठी दुसरा दिवस ठेवलेला असतो. तोवर तिचा ताप उतरला होता. त्या दिवशी तिने खिचडी खाल्ली, गोळी चावली आणि पाणी प्यायली. चुकलेल्या वेळेची भरपाई म्हणून दोन गोळ्या द्यायच्या नव्हत्या, एकच द्यायची होती, आणि तिची पुढची गोळी ऑगस्टमध्येच.