हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी का?

समजा, २६ वर्षांच्या एका मुलीच्या सीबीसी रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १०.८ आलं आहे. घरात लगेच ठरतं : खजूर खा, बीट खा, लोहाच्या गोळ्या सुरू कर. सल्ला मायेचाच असतो. पण त्याच पानावर आणखी दोन ओळी आहेत, आणि त्या वेगळंच काही सुचवताहेत.

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींमधलं, प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन. १०० मिलिलिटर रक्तात ते किती ग्रॅम आहे, हे रिपोर्ट सांगतो. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीमध्ये ते १२ च्या खाली असेल तर त्याला अ‍ॅनिमिया म्हणतात. तो कशामुळे झाला, हे मात्र या आकड्यावरून कळत नाही.

आता ‘एमसीव्ही’ची ओळ पाहा. हा तांबड्या पेशीचा सरासरी आकार. तो साधारण ८० ते १०० असतो. हिचा आहे ६३. पेशीत हिमोग्लोबिन पुरेसं भरलं नाही की पेशी लहान राहते. लोह कमी पडलं तरी असं होतं आणि थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनवणारा सौम्य आनुवंशिक दोष, असला तरीही.

म्हणून डॉक्टर तांबड्या पेशींची संख्या बघतात. लोहाची कमतरता वाढली की ही संख्या सहसा घटते, कारण कच्चा मालच नसतो. थॅलेसेमिया मायनरमध्ये दोष जनुकात असतो. शरीर लहान पेशी तयार करतं, पण भरपूर. हिची संख्या ५४ लाख आहे. म्हणजे ५.४ दशलक्ष. ६३ भागिले ५.४ केलं की ११.७ येतात. उत्तर १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरचा संशय घेतात.

पण हा नुसता संशय. एकाच व्यक्तीत दोन्ही कारणं असू शकतात. त्यामुळे डॉक्टर पाळीत रक्तस्राव किती होतो, जेवणात काय असतं, घरात कुणाला असं आहे का, हे विचारतात आणि दोन तपासण्या सांगतात. फेरिटिनच्या तपासणीवरून शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज येतो. ताप किंवा सूज असेल तर तो आकडा फुगतो आणि साठा संपत आला असूनही ठीक दिसतो. दुसरी तपासणी हिमोग्लोबिन ए-२ ची. हा हिमोग्लोबिनचाच एक प्रकार, थॅलेसेमिया मायनरमध्ये तो सहसा वाढतो. लोह फार कमी असेल तर हा आकडा खाली येऊन थॅलेसेमिया मायनर झाकलं जाऊ शकतं. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावे लागतात, आणि ते काम डॉक्टरांचं.

हिचं फेरिटिन व्यवस्थित आलं, ताप-सूज काही नाही, आणि ए-२ आलं ५.१ टक्के, ते सहसा ३.५ च्या आत असतं. डॉक्टरांनी निदान केलं : थॅलेसेमिया मायनर. लोहाच्या गोळ्या बंद झाल्या. लग्न ठरलं असेल तर होणाऱ्या नवऱ्याचीही तपासणी करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोघंही मायनर असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर हा गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक असते.