छपाईची चूक की ‘उकल नाही’ हेच उत्तर?

वर्कशीटमधलं एखादं उदाहरण काही केल्या सुटत नाही, तेव्हा मुलं दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर ‘प्रश्नच चुकलाय’ म्हणून सोडून देतात, नाहीतर स्वतःचंच कुठेतरी चुकतंय असं समजून तेच गणित पुन्हापुन्हा खोडत बसतात. पण ज्याला उत्तर येत नाही असा प्रश्न दोन अगदी वेगळ्या प्रकारचा असू शकतो. कधी छापताना आकडा बदललेला असतो, आणि कधी प्रश्न बरोबर असतो व ‘अशी संख्या नाही’ हेच त्याचं उत्तर असतं. नववी-दहावीच्या बीजगणितात हे दोन्ही प्रकार भेटतात, आणि कागदावर ते सारखेच दिसतात.

एक उदाहरण घेऊ. ‘एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २८ ने मोठी आहे. तर ती संख्या काढा.’

दशकस्थानी x आणि एककस्थानी y मानलं, तर मूळ संख्या १०x + y आणि नवी संख्या १०y + x. दोन्हींतला फरक ९(y − x), म्हणून ९(y − x) = २८ आणि x + y = ९. ही समीकरणं निमूटपणे सुटतात, x = ५३/१८ येतं. इथेच पुष्कळ जण फसतात. समीकरणांना उकल आहे, पण प्रश्नाला नाही, कारण अंक अपूर्णांकात असू शकत नाही.

आता दोष कुठे आहे ते शोधू. अदलाबदल केलेल्या दोन अंकी संख्यांतला फरक नेहमी ९ च्या पटीत येतो, मग अंक कोणतेही असोत. म्हणजे बेरीज ९ ऐवजी १० किंवा १२ केली तरी २८ हा फरक मिळणार नाही. बिघाड २८ मध्येच आहे, बेरजेत नाही. मग २८ मधला एकेक अंक बदलून पाहू. पुढचा २ बदलला तर ९ च्या पटीतली एकच संख्या मिळते, १८. पण तेव्हा y − x = २ होतं, आणि बेरीज ९ असताना x साडेतीन येतो, म्हणून ती बाद. मागचा ८ बदलला तर विशीत ९ च्या पटीतली एकच संख्या आहे, २७. मग y − x = ३, x = ३, y = ६. संख्या ३६. ताळा पाहा: ३ + ६ = ९ आणि ६३ − ३६ = २७. एक अंक बदलून नीट उत्तर देणारी ही एकमेव दुरुस्ती आहे, म्हणून इथे छपाईची चूक आहे असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. वर्कशीटच्या मागे उत्तर ‘३६’ दिलेलं असेल तर उलट बाजूने जा: ३६ घालून कोणती अट मोडते ते बघा. तीच अट चुकून छापली आहे.

आता याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवू. ‘एका आयताकृती बागेची परिमिती ४० मीटर आणि क्षेत्रफळ १०४ चौरस मीटर आहे.’ लांबी आणि रुंदीची बेरीज २०, म्हणून x(२० − x) = १०४, म्हणजे x² − २०x + १०४ = ०. विवेचक ४०० − ४१६ = −१६. वास्तव मुळं नाहीत. याचं कारण आकडेमोडीशिवायही दिसतं: ४० मीटर परिमितीच्या आयताचं क्षेत्रफळ जास्तीत जास्त १०० असतं, तेही तो १० बाय १० चा चौरस असेल तरच.

पुढे काय करायचं ते प्रश्नाचं शेवटचं वाक्य ठरवतं. ‘अशी बाग आखता येईल का? कारण सांगा’ असं असेल तर छपाईत काहीही बिघडलेलं नाही. ऋण विवेचक हेच कारण आणि ‘नाही’ हे पूर्ण उत्तर. पण तिथे ‘बागेची लांबी व रुंदी काढा’ असं लिहिलेलं असेल, तर काढायचं म्हणजे ती असायला हवी, आणि मग चुकीचा संशय रास्त ठरतो. म्हणून मी मुलांना आकड्यांआधी क्रियापद वाचायला लावते. ‘काढा’, ‘सोडवा’ एकीकडे आणि ‘शक्य आहे का’, ‘ठरवा’, ‘तपासा’ दुसरीकडे.

पण बागेच्या उदाहरणात चूक असली, तरी ती नेमकी कोणती हे सांगता येत नाही. परिमिती ४२ धरली तर बाग १३ बाय ८ होते. परिमिती ६० धरली तर २६ बाय ४. क्षेत्रफळ १०० धरलं तर १० बाय १०. तिन्ही दुरुस्त्या एकाच अंकाच्या आहेत आणि तिन्ही उत्तरं नेटकी आहेत. अशा वेळी आपल्याला आवडलेला आकडा धरून गणित पुढे रेटू नये. बिघाड आहे हे सिद्ध करता येतं, मूळ आकडा मात्र शिक्षकांनाच विचारावा लागतो.

एकसामयिक समीकरणांत आणखी एक खूण मिळते. २x + ३y = ७ आणि ४x + ६y = १५ यांत x आणि y चे सहगुणक नेमके दुप्पट आहेत, पण १५ ही ७ ची दुप्पट नाही. या रेषा समांतर आहेत, उकल नाही. छपाईत अंक चुकून असं चोख प्रमाण जुळून येणं विरळाच, त्यामुळे इथे आधी ‘मुद्दाम दिलंय’ असं धरावं. चुकीच्या छपाईतून बहुधा ५३/१८ सारखी ओबडधोबड उत्तरं येतात. आणि दोनपैकी एक मूळ ऋण आलं, तर त्यात काहीच बिघाड नाही. लांबी ऋण नसते म्हणून ते सोडून द्यायचं, एवढंच.

हे सगळं करण्याआधी एक साधी गोष्ट. वहीत उतरवलेला प्रश्न मूळ कागदाशी ताडून पाहा. झेरॉक्समध्ये वजाचं चिन्ह आणि दशांशचिन्ह पुसट होतात, टाइप करताना x² चं x2 होतं, आणि हाताने लिहिलेल्या कागदावर १ आणि ९ सहज एकमेकांसारखे दिसतात. शेजारच्याच्या कागदावर तोच आकडा असेल तर मगच पुढे जावं.

शिक्षकांना सांगताना ‘प्रश्न चुकलाय’ एवढ्यावर थांबू नये. उदाहरण क्रमांक, कुठली अट अडते, का अडते आणि मी काय करून पाहिलं, हे चार-पाच ओळींत सांगितलं की त्यांना लगेच मूळ हस्तलिखित किंवा फाइल बघता येते. असं लिहिता येईल:

‘बाई, चौथ्या उदाहरणात फरक २८ दिला आहे. अंकांची अदलाबदल केल्यावर फरक ९ च्या पटीत येतो, म्हणून २८ कधीच येत नाही. मूळ आकडा २७ असेल का? २७ धरल्यावर उत्तर ३६ येतं आणि ताळाही जमतो. माझी मांडणी सोबत जोडली आहे.’

बागेसाठी हाच निरोप वेगळा होतो: ‘सर, सहाव्या उदाहरणात परिमिती ४० असेल तर क्षेत्रफळ १०० पेक्षा जास्त होऊ शकत नाही, पण १०४ दिलं आहे. “अशी बाग शक्य आहे का” असं विचारायचं होतं का, की आकडा बदलला आहे?’ इथे आकडा सुचवलेला नाही, कारण तो आपल्याला ठाऊकच नाही.

घटक चाचणीत असं झालं आणि विचारायला कुणी नसेल, तर उत्तरपत्रिकेत समीकरण मांडा, विवेचक किंवा ९ च्या पटीचं कारण लिहा, आणि ‘दिलेल्या माहितीनुसार अशी संख्या नाही’ असं स्पष्ट लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळा. छापलेला २८ गुपचूप २७ करून सोडवू नका. तपासणाऱ्याला ते प्रश्न चुकीचा उतरवल्यासारखं दिसेल. दुरुस्ती करायचीच असेल तर आधी कारण, मग ‘२८ ऐवजी २७ असल्यास’ असं लिहून त्याखाली वेगळी मांडणी करा.