दहा-सव्वीसची गोणी आणि पाच गुंठे कांदा

चांदवडकडच्या मामांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, मोटारीच्या खोलीला टेकवलेली खताची गोणी, वर ऊन चमकतंय, आणि खाली मेसेज, "पाच गुंठे उन्हाळ कांदा लावायचाय, हिच्यातलं किती टाकू सांग रे." असे फोटो नाशिक जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत घरोघरी फिरत असतात आणि उत्तरही बहुतेक ठिकाणी अंदाजानेच जातं, "टाका अर्धी गोणी." खरं तर त्या फोटोत सगळा हिशोब असतो, फक्त काय वाचायचं आणि काय सोडायचं ते कळलं पाहिजे.

२०२२ पासून अनुदानित खतांच्या गोण्या सगळ्या कंपन्यांच्या सारख्याच दिसतात, मोठ्या अक्षरात 'भारत एनपीके' किंवा 'भारत डीएपी'. त्यामुळे रंगावरून, लांबून बघून ग्रेड, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के, ओळखायची सवय असेल तर ती आता विसरा, कारण 'भारत एनपीके'मध्ये १०:२६:२६ पण येतं, १२:३२:१६ पण येतं आणि १४:३५:१४ पण. मामांच्या फोटोत गोणीला नेमकी आकड्यांवर घडी पडलेली, दिसत होता फक्त सुरुवातीचा १. अशा वेळी अंदाज करायचा नाही, दुसरा फोटो मागवायचा. गोणी सावलीत आडवी टाकून, हाताने ताणून, बारीक अक्षरांच्या तक्त्याचा जवळून फोटो, कारण मोठा आकडा पुसला असला तरी त्या तक्त्यात तेच टक्के परत छापलेले असतात.

आणि त्या तक्त्यातच नवीन माणूस फसतो. एकूण नत्र १० टक्के लिहिलेलं असतं, खाली परत अमोनिकल नत्र म्हणून वेगळा आकडा. स्फुरदाचेही दोन आकडे असतात, एक सायट्रेटमध्ये विरघळणारं २६ टक्के आणि दुसरं पाण्यात विरघळणारं, ते थोडं कमी. ही बेरीज करायची नाही! दुसरा आकडा पहिल्याच्या पोटातला आहे, म्हणजे त्या २६ मधलं किती पाण्यात लगेच विरघळतं एवढंच तो सांगतो. हिशोबाला मोठा आकडा घ्यायचा. २०:२०:०:१३ सारख्या गोणीवर चौथा आकडा दिसला तर तो गंधकाचा, फोटोत तो ०१३ असा चिकटून दिसतो आणि लोक त्याला १३ टक्के पालाश समजून बसतात. त्या गोणीत पालाश शून्य आहे.

मामांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, १० अधिक २६ अधिक २६ म्हणजे ६२, मग बाकी ३८ टक्के काय माती भरलीय का? तसं नाही. नत्र, स्फुरद, पालाश सुटे सुटे गोणीत भरता येत नाहीत, ते अमोनियम फॉस्फेट, पोटॅश अशा क्षारांच्या रूपात येतात आणि त्या क्षारात हायड्रोजन, ऑक्सिजन, क्लोरीन यांचंही वजन असतं. त्यात स्फुरदाचा आकडा P2O5 आणि पालाशचा K2O या रूपात मोजलेला असतो, जुनी पद्धत आहे ती, पण आपल्याकडच्या पिकाच्या शिफारशीसुद्धा त्याच रूपात असतात म्हणून काही बदलायची गरज नाही. परदेशातला लेख वाचून मूलद्रव्याच्या स्फुरदाचा आकडा घेतला तरच तो २.२९ ने गुणावा लागतो.

आता हिशोब. कांद्याला हेक्टरी १००:५०:५० किलो नत्र, स्फुरद, पालाश ही आपल्याकडे नेहमी सांगितली जाणारी मात्रा. एका हेक्टरात जवळजवळ ९९ गुंठे, आपण १०० धरू, कांद्याच्या वाफ्यात एवढ्याने काही बिघडत नाही. म्हणजे गुंठ्याला १ किलो नत्र आणि अर्धा-अर्धा किलो स्फुरद, पालाश. पाच गुंठ्याला ५ किलो नत्र, अडीच किलो स्फुरद, अडीच किलो पालाश.

दहा-सव्वीसच्या गोणीचा हिशोब नत्रापासून सुरू केला की वाट लागते. ५ किलो नत्र पाहिजे आणि गोणीत १० टक्के आहे, म्हणजे ५० किलो, अख्खी गोणी पाच गुंठ्यात! नत्र बरोबर बसतं पण स्फुरद जातं १३ किलो, लागणाऱ्याच्या पाचपट. पैसे तर जातातच, वर आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते जास्तीचं स्फुरद कॅल्शियमबरोबर अडकून बसतं आणि स्फुरद फार झालं की पिकाला जस्त घ्यायला त्रास होतो. म्हणून सुरुवात स्फुरदापासून, कारण नत्र मागून युरियाने देता येतं, स्फुरदाचं तसं नाही, ते मातीत फारसं सरकत नाही म्हणून लागवडीच्या वेळीच मुळाजवळ जायला पाहिजे.

अडीच किलो स्फुरद, गोणीत २६ टक्के, तर २.५ ला २६ ने भागून १०० ने गुणायचं, आलं ९.६ किलो. पालाशही २६ टक्केच असल्यामुळे तेवढ्यातच अडीच किलो पालाश मिळून गेलं. ह्याच ९.६ किलोत नत्र आलं ०.९६ किलो. लागवडीला निम्मं नत्र द्यायचं म्हणजे अडीच किलो, कमी पडलं १.५४ किलो. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणून १.५४ भागिले ०.४६, साधारण ३.३५ किलो युरिया. उरलेलं अडीच किलो नत्र ३० आणि ४५ दिवसांनी दोन हप्त्यांत, दर वेळी २.७ किलो युरिया. गोणीतलं चाळीस किलो खत शिल्लक राहतं आणि मामांना ते पटत नाही, "एवढ्याने काय होतंय?" पण पाच गुंठ्याची भूक तेवढीच आहे.

फोटोतली गोणी १२:३२:१६ निघाली असती तर? स्फुरदासाठी ७.८ किलो पुरलं असतं पण पालाश आलं असतं सव्वा किलोच, मग उरलेल्यासाठी ६० टक्क्यांचं म्युरेट ऑफ पोटॅश दोन किलोच्या वर घालावं लागलं असतं. म्हणून त्या घडीखालचे आकडे मिळवायला एवढी धडपड. माती परीक्षणात पालाश भरपूर आला असेल, काळ्या जमिनीत येतो बऱ्याचदा, तर तो जादाचा पोटॅश वगळता येतो. रिपोर्ट असेल तर वरची मात्रा आधी त्याप्रमाणे कमी-जास्त करायची, मग गोणीकडे बघायचं.

मोजायचं कसं, हा वेगळाच घोळ. युरिया हलका असतो, त्यामुळे ज्या डब्यात दहा-सव्वीस भरतो त्याच डब्यात युरिया वजनाला बराच कमी बसतो. दोन्ही खतं एकेकदा ताणकाट्यावर तोलून डब्यावर मार्करने वेगवेगळी खूण करा. आणि युरियाची गोणी आता ४५ किलोची आहे, "अर्धी गोणी म्हणजे २५ किलो" हे तिथे चालत नाही. फोटोत निव्वळ वजनही बघत जा.

शेवटचा हप्ता लांबवू नका. साठ दिवसांनंतर युरिया पडला की पात हिरवीगार दिसते, मामा खुश होतात, पण कांद्याची मान जाड राहते, ती नीट सुकत नाही आणि असा कांदा चाळीत आधी सडतो.