मंजूर ड्रॉइंगमध्ये बदल: अर्ज कोणी करायचा, मंजुऱ्या कोणाच्या, जुनी प्रत कधी रद्द होते

मोठ्या प्रकल्पात ड्रॉइंग ‘बांधकामासाठी’ असा शिक्का घेऊन साइटवर गेलं की त्यावरचं एकही माप तोंडी बदलता येत नाही. त्यासाठी बदलाचा रीतसर अर्ज लागतो. एका पंपाच्या पायाचं उदाहरण घेऊ. ड्रॉइंग रिव्हिजन ० म्हणून निघालं तेव्हा पंपाच्या बोल्टांमधलं अंतर ६०० मिमी धरलं होतं. पुरवठादाराच्या अंतिम ड्रॉइंगमध्ये ते ६५० मिमी निघालं. तोवर साइटवर सळ्या बांधून झाल्या होत्या आणि दोन दिवसांनी काँक्रीट व्हायचं होतं.

अर्ज साइट इंजिनिअर, डिझाइन विभाग, पुरवठादार किंवा कंत्राटदार करू शकतो, पण आपल्या विभागप्रमुखाच्या सहीनेच. इथे एक गल्लत नेहमी होते. ड्रॉइंग नीट समजत नसेल तर शंकापत्र पाठवायचं. माप बदलायचं असेल तर बदलाचा अर्ज. शंकेच्या उत्तरात कुणी ‘६५० घ्या’ असं लिहून दिलं, तर काम ६५० वर होतं आणि ड्रॉइंगवर मात्र ६००च राहतं. प्रकल्पातले बहुतेक हरवलेले बदल मला याच वाटेने गेलेले दिसले आहेत. म्हणून शंकेच्या उत्तराने माप बदलत असेल, तर ते उत्तर देणाऱ्यानेच अर्ज दाखल करायला लावावा.

अर्जासोबत चालू रिव्हिजनची लाल शाईने खुणा केलेली प्रत लागते. बदलाचं कारण पुराव्यासह द्यायचं. इथे तो पुरावा म्हणजे पुरवठादाराचं ड्रॉइंग, त्याच्या स्वतःच्या रिव्हिजन क्रमांकासह. तिसरा कागद साइटवरच्या सद्यस्थितीचा, फोटोंसह. तो नसेल तर झालेलं काम तोडावं लागणार की नाही, हे मंजुरी देणाऱ्याला कळतच नाही.

डॉक्युमेंट कंट्रोल विभाग अर्जाला क्रमांक देतो आणि ज्यांच्या कामावर परिणाम होईल त्या सगळ्या शाखांकडे पाठवतो. अंतर ५० मिमीने वाढलं म्हणजे प्रत्येक बोल्ट २५ मिमी बाहेर सरकला. काँक्रीटच्या कडेपासून १५० मिमी असलेलं अंतर १२५ वर आलं. ते पुरेसं आहे का, हे मूळ गणित करणाऱ्या डिझाइनरनेच पुन्हा तपासायचं. पायपिंगवाल्यांनी पंपाची तोंडं सरकली का ते पाहायचं. खर्च आणि मुदतीचा आकडा जोडल्यावर शेवटची सही प्रकल्प व्यवस्थापकाची, आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे मालकाची.

फेरगणिताची ही सही कधीही गाळू नये. १९८१ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात लटकते पूल कोसळून ११४ माणसं गेली. तिथे एका सलग टांगत्या सळईऐवजी दोन सळ्या वापरण्याचा बदल झाला होता. त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला, आणि त्या जोडाचं गणित पुन्हा कुणी केलं नव्हतं.

आपल्या उदाहरणात डिझाइनरला १२५ मिमी कमी वाटलं आणि त्याने पाया दोन्ही बाजूंनी २५ मिमी वाढवला. म्हणजे बाह्यरेषेचं ड्रॉइंग, सळ्यांचं ड्रॉइंग आणि सळ्या वाकवण्याचं वेळापत्रक, तिन्ही रिव्हिजन १ झाली. बदललेल्या भागाभोवती ढगासारखी रेघ आणि शेजारी त्रिकोणात १ हा आकडा. पुढच्या रिव्हिजनला हा ढग पुसतात, म्हणजे ढग दिसला की तो ताजाच बदल. रिव्हिजनच्या रकान्यात ‘किरकोळ सुधारणा’ असं लिहू नये. काय बदललं ते आणि अर्जाचा क्रमांक लिहावा. आकडा न वाढवता दुरुस्त केलेली प्रत पाठवणं ही सगळ्यात घातक सवय आहे, कारण मग एकाच नावाची दोन वेगळी ड्रॉइंग्ज साइटवर फिरतात आणि कुणालाच संशय येत नाही.

वाटप ठरलेल्या यादीनुसार होतं. सोबत ट्रान्समिटल, म्हणजे कोणती ड्रॉइंग्ज कोणत्या रिव्हिजनची पाठवली याची नोंद असलेलं पत्र जातं, आणि घेणाऱ्याने पोचसही देऊन जुनी प्रत परत करायची किंवा तिच्यावर ‘रद्द’ शिक्का मारायचा. आपल्या पायाच्या बाबतीत साइट ऑफिसने पोच दिली, पण सळ्या वाकवणाऱ्या यार्डाचं नाव यादीत नव्हतं. तिथे रिव्हिजन ०चं वेळापत्रक भिंतीवरच होतं आणि वाढवलेल्या पायासाठी नव्याने लागणाऱ्या सळ्याही त्यावरूनच आखूड कापल्या जात होत्या. हे कागदावरून कळलं नाही. डॉक्युमेंट कंट्रोलरने रजिस्टरचा उतारा हातात घेऊन प्रत्यक्ष कामावरच्या प्रतींचे आकडे ताडून पाहिले, तेव्हा उघड झालं. अशी फेरी दर आठवड्याला व्हावी.

अर्ज मंजूर झाला म्हणजे बंद झाला असं नाही. बोल्टांची टेम्प्लेट रिव्हिजन १प्रमाणे ६५० मिमीवर बसल्याचं मोजून तपासनीसाने सही केली, यार्डातली जुनी प्रत परत आली, आणि मगच रजिस्टरमध्ये त्या क्रमांकापुढे ‘बंद’ लिहिलं गेलं. काँक्रीट त्यानंतर झालं.