फोटोतला पाचू कसा ओळखावा?

इटलीतल्या जिनोव्हाच्या कॅथेड्रलमध्ये हिरव्या रंगाचं एक षट्कोनी पात्र आहे. ते अखंड पाचूत कोरलेलं आहे, असं कित्येक शतकं मानलं जात होतं. अठराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ ला कोंदामीन यांनी दिव्याच्या उजेडात ते न्याहाळलं. पाचूत हमखास दिसणारे तडे आणि ढगाळ डाग त्यात कुठेच नव्हते, उलट हवेचे बारीक बुडबुडे मात्र दिसले. पात्र काचेचं होतं. हाती फक्त फोटो असतानाही शोधायचं तेच.

समजा, कोणी तुम्हाला अंगठीचा फोटो पाठवला आहे. पांढऱ्या कागदावर अंगठी, तिच्यात अंडाकृती हिरवा खडा. नजर आधी खड्यावर न जाता कागदावर जायला हवी. कागद पिवळसर दिसत असेल तर फोटोत पिवळा रंग मिसळलेला आहे, आणि निळसर हिरवा पाचूही त्यात पोपटीकडे झुकलेला दिसेल. कागद निळसर असेल तर उलट घडतं. म्हणून कागद खरोखर पांढरा दिसत असेल तेव्हाच खड्याच्या रंगावर बोलावं. नसेल तर दिवसाच्या उजेडात, सावलीत काढलेला दुसरा फोटो मागावा.

कागद पांढराच आहे असं धरू. आता हिरव्याची छटा बघायची. पाचूला रंग येतो तो क्रोमियम किंवा व्हॅनेडियमच्या अगदी थोड्या अंशामुळे. ही मूलद्रव्यं जांभळा आणि पिवळा-नारिंगी प्रकाश शोषतात, त्यामुळे उरणारा हिरवा शुद्ध किंवा किंचित निळसर असतो. पेरिडॉट हेही एक हिरवं रत्न. त्याचा रंग लोहाचा, आणि ते लोह त्याच्या रचनेचाच भाग असतं. त्याच्या हिरव्यात पिवळा जवळजवळ नेहमी मिसळलेला असतो. त्यामुळे छटा स्पष्ट पोपटी असेल तर पेरिडॉटचा संशय घ्यावा. गडदपणाही मदत करतो: चांगला पाचू मध्यम ते गडद असतो, पेरिडॉट सहसा त्याहून उजळ. पण काचेला कोणतीही छटा, कितीही गडद देता येते. म्हणून रंगावरून पेरिडॉट वेगळा काढता येतो, काच नाही. रंगावर समाधान मानू नये ते यासाठीच.

खरी माहिती खड्याच्या पोटात असते. फोटो मोठा करा. पाचूत बहुधा बारीक भेगा, पिसांसारखे पडदे, धुरकट पट्टे यांची गर्दी दिसते. रत्नपारखी तिला ‘बाग’ म्हणतात. अंगठीच्या खड्यात यातलं काहीच नसेल आणि रंग मात्र भरदार असेल, तर मला तरी ती शंकेची जागा वाटते. निर्दोष मोठा पाचू फार दुर्मीळ आणि फार महाग असतो.

बुडबुड्यांकडे जरा सावकाश बघावं लागतं, कारण बुडबुडा पाचूतही असू शकतो. कोलंबियाच्या पाचूत वेड्यावाकड्या कडांची सूक्ष्म पोकळी असते, तिच्यात खारं पाणी, मिठाचा चौकोनी कण आणि वायूचा बुडबुडा एकत्र सापडतात. म्हणजे तो बुडबुडा द्रवाच्या पोकळीत अडकलेला असतो. काचेतला बुडबुडा मात्र एकटा, नीट गोल किंवा लांबट, कड काळी आणि मध्य चमकदार. शेजारी प्रवाहासारख्या वळणदार रेषा दिसल्या तर शंका आणखी बळकट होते. मात्र पोकळीतले हे बारकावे मोबाइलच्या साध्या फोटोत दिसत नाहीत. भिंगातून काढलेला फोटो लागतो.

पेरिडॉटची खूण वेगळी आणि देखणी असते. क्रोमाइट या खनिजाच्या काळ्या कणाभोवती चकतीसारखी चीर पसरते, तिला कमळाचं पान म्हणतात. शिवाय पेरिडॉट प्रकाशकिरण दोन वाटांनी वाकवतो, तेही पाचूच्या सुमारे सहापट. वरून पाहताना मागच्या पैलूंच्या कडा त्यामुळे दुहेरी दिसतात. मग हात हलून फोटो बिघडला असेल तर? अशा वेळी खडा धरून ठेवणारी अंगठीची धातूची नखंही दुहेरी दिसतील. फक्त खड्यातल्या मागच्या कडा दुहेरी आणि नखं स्वच्छ, एकेरी असतील तर ते खड्याचंच काम. काही दिशांनी हा परिणाम नाहीसा होतो, म्हणून खडा तिरका धरून काढलेले दोन-तीन फोटो हवेत. जर्मनीतल्या कोलोन कॅथेड्रलमध्ये येशूच्या जन्मकथेतल्या तीन राजांच्या अस्थींच्या पेटीवरचे मोठे हिरवे खडेही शतकानुशतकं पाचू समजले गेले. ते निघाले पेरिडॉट.

फोटो जिथे थांबतो ती जागाही ठरलेली आहे. प्रयोगशाळेत वाढवलेला पाचू रासायनिकदृष्ट्या पाचूच असतो, त्याच्यातही भेगा आणि पडदे असतात, आणि भेगा लपवायला त्यांत तेल भरलं आहे का तेही चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. तिथे खडा हातात घेऊन अपवर्तनांक, म्हणजे खडा प्रकाश किती वाकवतो ते मोजावं लागतं: पाचूचा साधारण 1.57 ते 1.59, पेरिडॉटचा 1.65 ते 1.69. काचेचा आकडा तिच्या घडणीनुसार बदलतो, पण काच किरणाच्या दोन वाटा करत नाही, म्हणून तो एकच येतो, जोडीचा नाही. प्रयोगशाळेतला पाचू मात्र या आकड्यांनीही खात्रीने पकडता येत नाही. त्याला सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं.