वेपारी वटाव आणि रोकड वटाव: गुजराती बिलावरचे दोन वटाव, दोन वेगळ्या जागा

सुरतच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारातून माल आणणाऱ्या आपल्याकडच्या दुकानदाराच्या हातात अनेकदा गुजरातीत छापलेलं बिल येतं. त्यातले बहुतेक शब्द अंदाजाने कळतात. ‘भाव’ आणि ‘रकम’ आपलेच आहेत, ‘जथ्थो’ म्हणजे नग किंवा मीटर, ‘विगत’ म्हणजे मालाचा तपशील. अडचण होते ती ‘वटाव’पाशी. हा शब्द एकाच बिलावर दोन ठिकाणी दिसू शकतो, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ सूटच असतो. पण ‘वेपारी वटाव’ कराच्या ओळीच्या वर बसतो आणि ‘रोकड वटाव’ बिलाच्या तळाशी, चूकवणीच्या म्हणजे पैसे देण्याच्या शर्तींमध्ये. बिल वाचायचं असो की छापायचं, ही जागा चुकली की कराचा हिशेब बिघडतो.

वेपारी वटाव हा माल घेतल्याबद्दल मिळतो. घाऊक घेतला, नेहमीचं गिऱ्हाईक आहे, हंगाम संपत आला, असं काहीही कारण असू शकतं. तो सौदा ठरतानाच पक्का होतो आणि पैसे आज आले की महिन्याने, त्याने तो बदलत नाही. रोकड वटाव हा पैसे लवकर दिल्याबद्दल मिळतो. बिल फाडलं जातं तेव्हा तो मिळणार की नाही, हेच कुणाला माहीत नसतं. सगळा फरक या अनिश्चिततेतून येतो.

एक बिल मांडून पाहू. सुरतच्या व्यापाऱ्याने जळगावच्या दुकानाला 40 साड्या 500 रुपये भावाने विकल्या. रकम झाली 20,000. त्याखाली ‘बाद: वेपारी वटाव 10%’ अशी ओळ येते, म्हणजे 2,000 वजा. उरलेल्या 18,000 समोर ‘करपात्र रकम’ असं लिहायचं. जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिलावर सूट वजा करूनच करपात्र मूल्य दाखवायचं असतं, म्हणून ही ओळ वेगळी हवी. मग ‘उमेरो’, म्हणजे अधिक: माल गुजरातेतून महाराष्ट्रात येतोय, म्हणून आयजीएसटी 5 टक्के, 900 रुपये. (हाच माल सुरतेतून अहमदाबादला गेला असता तर सीजीएसटी आणि एसजीएसटी अडीच-अडीच टक्के, अशा दोन ओळी आल्या असत्या.) ‘कुल रकम’ 18,900. जाता जाता एक सावधगिरी: आकडे गुजरातीत छापलेले असतील तर तिथला पाच आपल्या ‘प’सारखा दिसतो, टक्केवारी वाचताना डोळा फसतो.

आता तळाशी छापलंय: ‘बिलनी तारीखथी 10 दिवसमां चूकवणी करे तो 2% रोकड वटाव. मुदत 30 दिवस.’ जळगावच्या दुकानदाराने आठव्या दिवशी पैसे पाठवले. 18,900 चे 2 टक्के 378, म्हणून त्याने 18,522 दिले. बिलावरचा कर मात्र 900 च राहतो. विक्रेता तेवढाच भरतो, आणि दुकानदार तेवढ्याचीच आयटीसी, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेतो. 378 रुपये विक्रेत्याच्या वहीत ‘आपेल वटाव’ म्हणून खर्चाला पडतात, दुकानदाराच्या वहीत ‘मळेल वटाव’ म्हणून उत्पन्नाला. वेपारी वटावाचे 2,000 मात्र दोघांच्याही वहीत वेगळे दिसत नाहीत, कारण विक्री आणि खरेदी मुळातच 18,000 ची नोंदलेली असते.

चूक होते ती अशी. बिल करणारा दोन्ही वटाव एकाखाली एक वर लिहून टाकतो. 20,000 मधून 2,000 गेले, उरलेल्या 18,000 चे 2 टक्के म्हणजे 360 गेले, करपात्र रकम 17,640, त्यावर कर 882, कुल रकम 18,522. रुपयाचाही फरक नाही! पैसे देणारा आणि घेणारा दोघांचाही आकडा जुळतो, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात येत नाही. फरक लपलाय तो कराच्या ओळीत, 900 च्या जागी 882. आणि दुकानदाराने पैसे दहा दिवसांत दिलेच नाहीत तर? सूट रद्द झाली, व्यापारी उरलेले पैसे मागणार, पण बिलावर मूल्य 17,640 चंच आहे. वरच्या रकमेसाठी त्याला जादा कराची डेबिट नोट काढावी लागेल. एका बिलावर अठरा रुपये किरकोळ वाटतात, पण वर्षभराच्या सगळ्या बिलांवर हीच सवय लागली की रक्कम मोठी होते.

बिल तपासताना ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. करपात्र रकमेच्या वर ‘दिवस’, ‘मुदत’ किंवा ‘रोकड’ यांपैकी काही लिहिलेलं दिसलं की थांबून विचारावं. अपवाद एकच: गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून तिथल्या तिथे पैसे देतंय. मग वटाव पक्का झालेला असतो, तो त्याच बिलात कराआधी वजा करता येतो.

दुसरा घोळ टक्के एकत्र करण्याचा. 10 आणि 2 मिळून 12 टक्के धरले तर 17,600 उरतात, आणि एकामागून एक काढले तर 17,640. चाळीस रुपयांवरून सौद्यात तोंडं वाकडी होतात. तसाच रोकड वटाव कशावर मोजायचा, हा वाद. करासकट 18,900 वर मोजला तर 378, करपात्र 18,000 वर मोजला तर 360. दोन्ही पद्धती चालतात, पण शर्तीत ‘कुल रकम पर’ की ‘करपात्र रकम पर’ हे छापायलाच हवं. आणि दहा दिवस कधीपासून मोजायचे तेही. ‘बिलनी तारीखथी’ आणि ‘माल मळ्यानी तारीखथी’, म्हणजे माल मिळाल्याच्या तारखेपासून, यांत ट्रान्सपोर्टचे दिवस येतात, आणि सूट हुकते ती बहुतेक त्यातच.

‘वळतर’ हा शब्दही सुटीसाठी गुजरातेत सर्रास चालतो, दुकानांच्या पाट्यांवर तोच असतो. पण भरपाई आणि गुंतवणुकीवरचा परतावा यांनाही वळतरच म्हणतात. बिलावर वटाव लिहिलेला बरा.

नंतर दिलेल्या रोकड वटावामुळे विक्रेत्याला आपला करही कमी करून घ्यायचा असेल, तर त्याला कायद्याच्या अटी पाळून जीएसटीची क्रेडिट नोट काढावी लागते आणि घेणाऱ्याने तेवढी आयटीसी परत करावी लागते. छोटे व्यापारी या भानगडीत पडत नाहीत. कराविना साधी क्रेडिट नोट देतात आणि 900 तसेच राहू देतात, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं आहे.

उलट बाजूला तीच शर्तींची जागा ‘मोडी चूकवणी पर व्याज’ असंही सांगते. इथे मात्र कर सुटत नाही. उशिराबद्दल घेतलेलं व्याज मालाच्या मूल्यातच धरलं जातं आणि त्यावर मालाच्या दरानेच जीएसटी लागतो. मुदत फारच लांबली, बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे गेलेच नाहीत, तर दुकानदाराला घेतलेली 900 ची आयटीसी व्याजासकट परत करावी लागते. पैसे चुकते केले की ती पुन्हा घेता येते, व्याज मात्र गेलेलंच असतं.