गिऱ्हाइकासमोर बोलायची नंदभाषा

गिऱ्हाईक गल्ल्यासमोर बसलेलं असताना मालकानं गड्याला "आठच्या खाली येऊ नकोस" असं सांगायचं कसं? महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांनी, सराफांनी आणि दलालांनी त्यासाठी आकड्यांची वेगळी नावंच ठरवून घेतली होती. या बोलीला नंदभाषा म्हणत.

केवली, आवारू, उधानू, पोकू, मुळू म्हणजे एक ते पाच. शेली सहा, पवित्र सात, मंगी आठ आणि अंगुळू दहा. समजा, गड्यानं धोतराचे दहा रुपये सांगितले आणि गिऱ्हाईक सहावर अडून बसलं. गडी मालकाकडे बघतो आणि मालक वहीतून मान वर न करता "मंगी" एवढंच म्हणतो. आता गड्याला आपली हद्द कळली. तो साडेनऊ, नऊ असा उतरत आठापर्यंत येणार आणि तिथे थांबणार. मालक "शेली" म्हणाला असता, तर सौदा लगेच पटला असता. गिऱ्हाइकाला मात्र आपण किती ताणू शकतो याचा पत्ता नाही.

ही बोली किती जुनी, याचा उत्तम पुरावा संतवाङ्मयात आहे. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावावर नंदभाषेतला एक अभंग आहे. त्यात आपला स्वामी 'मुळू' मुखांचा, 'उधानू' नेत्रांचा आणि 'अंगुळू' हातांचा आहे असं वर्णन येतं. ज्याला बोली ठाऊक नाही त्याला हे कोडंच. ज्याला ठाऊक आहे त्याच्यासमोर पाच मुखं, तीन डोळे आणि दहा हातांचा शंकर उभा राहतो. विसोबा सराफी करत असं परंपरा सांगते, त्यामुळे पेढीवरचे आकडे भक्तीत येणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. पुढे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, या बोलीची नोंद झाली.

तिची कमजोरीही आकड्यांतच होती. प्रत्येक आकड्याला एकच ठरलेला शब्द. आठ रुपये मोजून दिलेल्या चाणाक्ष माणसानं मघाशी कानावर पडलेला "मंगी" लक्षात ठेवला, की पुढच्या खेपेला तो शब्द फुटलाच. म्हणून मोठ्या रकमेच्या सौद्यात दलाल तोंडच उघडत नसत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचा, ही करपल्लवी. गुरांच्या बाजारात ती जास्त टिकली, कारण तिथे भोवती उभे असलेले बघेही त्याच धंद्यातले, त्यांना शब्द पाठच असायचे.

वेष्टनावर कमाल किंमत छापून यायला लागल्यावर किराणा दुकानात गुपचूप हद्द सांगायची गरजच उरली नाही. छापील किंमत नसते अशा मालावर घासाघीस आजही चालते, पण तिथेही आता मालक कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून तो गड्याकडे सरकवतो.